रात्रपाळीतला ताप आणि हाताशी असलेले ४८ तास

हिवाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. तिथे रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसात झालेले असतात. घराघरांत चहा उकळत असतो आणि मुलांच्या शाळेची गडबड चाललेली असते. तिथे एकटं राहून रात्रपाळी करणारं माणूस अशा वेळी तापानं फणफणलं, तर आजूबाजूला सगळीकडे सामसूम असते. दवाखाना बंद, मैत्रिणी कामावर किंवा झोपेत. जागं असतं ते फक्त घर, म्हणून पहिला फोन घरीच जातो. त्या फोनवर काय बोललं जातं, यावर पुढचे आठ दिवस कसे जाणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

इथे सांगितलेली हकीकत प्रातिनिधिक आहे. त्यातली माणसं कल्पित असली, तरी औषधं, त्यांची मात्रा आणि तिथले नियम खरे आहेत.

सांगली जिल्ह्यातली तिशीतली एक तरुणी लेस्टरमधल्या वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. म्हाताऱ्या माणसांना कूस बदलायला मदत करायची, पाणी पाजायचं, संडास-बाथरूमला न्यायचं, कुणी घाबरून उठलं तर जवळ बसायचं, असं तिचं काम. तिच्यासारख्या केअर वर्करांना २०२२च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या व्हिसाचं दार उघडलं आणि केरळ, पंजाब, महाराष्ट्रातून पुष्कळ मुली तिकडे गेल्या. परदेशातून ही नवी भरती २०२५च्या जुलैत बंद झाली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये फ्लूची साथ नेहमीपेक्षा लवकर आली. त्या साथीत जोर होता एच३एन२ या प्रकाराचा, आणि वयस्कर माणसांना या प्रकाराचा त्रास जास्त होतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती सकाळी कामावरून आली आणि झोपली. दुपारी बाराच्या सुमाराला जाग आली ती हुडहुडी भरूनच. सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, आणि दोन दिवसांनी आपण आजारी असल्याचं लक्षात येतं. फ्लू तसा येत नाही. तो तासाभरात अंगावर कोसळतो. थंडी वाजते, डोकं ठणकतं, मांड्या आणि कंबर ठेचल्यासारखी दुखते, कोरडा खोकला येतो. त्यामुळे फ्लूचा रोगी बहुतेक वेळा आपला ताप नेमका कधी सुरू झाला ते सांगू शकतो. ही वेळ लक्षात ठेवायची असते. तिनं पुढे काय केलं, ते याच वेळेभोवती फिरतं.

दुपारी तिनं बॅगेतून आणलेली डोलो ६५० घेतली. संध्याकाळी सहाला ताप उतरला, घाम आला, जरा तरतरी वाटली. कामावर जावं असं तिच्या मनात आलं, कारण पाळी बुडाली की पगार बुडतो. रात्रपाळीच्या माणसाची इथेच फसगत होते. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास राहतो. तेवढा वेळ ताप झाकलेला असतो, पण विषाणू जागच्या जागीच असतो. शिवाय शरीराचं तापमान दिवसभरात आपणहून खालीवर होत असतं. पहाटे ते सर्वांत कमी असतं आणि दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत चढतं. महिनोन्महिने रात्रपाळी करूनही बहुतेकांच्या शरीराचं हे घड्याळ पुरतं उलटत नाही. त्यामुळे पहाटेचा थर्मामीटर पाहून ‘उतरलं बहुतेक’ असं वाटतं, आणि दुपारी झोपेतून उठताना तोच ताप पुन्हा १०२वर गेलेला असतो. आपण बरे होतोय का, हे पाहायचं तर रोज एकाच वेळी आणि गोळीचा असर ओसरल्यावर ताप मोजायचा. वेगवेगळ्या वेळचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

तिनं सहा वाजता केअर होममध्ये फोन केला आणि लक्षणं सांगितली. ड्युटीवरच्या नर्सनं येऊ नकोस म्हणून सांगितलं. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस तो पसरवू शकतो, आणि ऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या खोल्यांतून तो फिरला तर काय होईल हे नर्सला पुरतं ठाऊक होतं. सोबत राहणाऱ्या दोघी मल्याळी मुली आपापल्या पाळीवर गेल्या. घरात ती एकटी उरली.

रात्री दोन वाजता पुन्हा थंडी वाजू लागली, तेव्हा तिनं सांगलीला व्हिडिओ कॉल लावला.

आईनं आधी चेहरा पाहिला. “अगं, डोळे किती ओढलेत तुझे! काही खाल्लंस का?” मग सल्ल्यांची रीघ लागली. सुंठ-तुळशीचा काढा कर, वाफ घे, हळद-दूध पी, पेज करून घे. मागून काकांचा आवाज आला, “सलाईन लावून घे म्हणावं, एका दिवसात उठून बसेल.” शेजारच्या काकूंनी अझिथ्रोमायसिनची पाच गोळ्यांची पट्टी सुचवली, कारण त्यांना ती मागच्या महिन्यात लागू पडली होती.

यातलं काही बरोबर आहे, काही निरुपद्रवी आहे आणि काही चुकीचं आहे. पेज आणि पाणी बरोबर आहे. तापात घामानं आणि भरभर चाललेल्या श्वासानं शरीरातलं पाणी जातं, आणि दिवसा झोपणारं माणूस सात-आठ तास घोटभरही पाणी पीत नाही. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली, की पाणी कमी पडतंय असं समजायचं. काढ्यानं घशाला बरं वाटतं. वाफेनं नाक मोकळं होतं, पण तापानं चक्कर येत असताना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर एकटीनं वाकू नये, भाजतं. तोंडानं पाणी पोटात जात असेल आणि टिकत असेल, तर सलाईनची गरज नसते. इंग्लंडात ते कुणी मागून लावतही नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. फ्लू विषाणूंचा आजार आहे, त्यावर अझिथ्रोमायसिनचा उपयोग नाही. तिथे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथला फार्मासिस्ट चालवून घेत नाही.

तिचा धाकटा भाऊ सांगलीत एका मेडिकलमध्ये कामाला आहे. त्यानं सल्ला द्यायच्या आधी विचारलं, “ताई, कालपासून पोटात काय काय गेलंय, सगळ्याचे फोटो टाक.”

तिनं पलंगाच्या कडेला पडलेलं सगळं एका रांगेत मांडून फोटो पाठवला. डोलो ६५०ची पट्टी होती, तीन गोळ्या संपलेल्या. लेमसिप मॅक्सची दोन रिकामी पाकिटं होती. ही तिथली सर्दी-तापाची लिंबाच्या चवीची पावडर, गरम पाण्यात घालून प्यायची. भारतातून आणलेली काँबिफ्लॅमची पट्टीही होती, त्यातली एक गोळी तिनं रात्री अकराला अंगदुखीसाठी घेतली होती. तिच्या लेखी ही तीन वेगळी औषधं होती. भावानं हिशेब मांडला. डोलोत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, तीन गोळ्यांचं १,९५०. त्या पावडरच्या एका पाकिटात १,०००, दोनाचं २,०००. काँबिफ्लॅमच्या गोळीत ३२५. सगळं मिळून ४,२७५ मिलिग्रॅम, तेही चौदा तासांत. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल घ्यायचं नसतं आणि दोन मात्रांमध्ये निदान चार तास जावे लागतात. लिव्हरला इजा होते ती इथेच, आणि ती लगेच जाणवत नाही. एक-दोन दिवस बरं वाटतं, त्रास नंतर सुरू होतो. म्हणूनच इंग्लंडात साध्या दुकानात पॅरासिटामॉलचं १६ गोळ्यांहून मोठं पाकीट मिळत नाही आणि औषधाच्या दुकानात ३२चं मिळतं. देशातून गोळ्यांची पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला मात्र हा अडसर राहत नाही.

मर्यादा थोडक्यात ओलांडली गेली असली, तरी अशा वेळी अंदाज बांधत बसायचं नसतं. भावानं तिला ताबडतोब १११वर फोन करायला सांगितलं. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट असतो आणि इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागता येतो. कोणती गोळी किती वाजता घेतली, तिचं वजन किती, उलटी होतेय का, हे सगळं तिथे विचारलं गेलं. तिला एक सूचना ताबडतोब मिळाली. पुढचं पॅरासिटामॉल सांगेपर्यंत घ्यायचं नाही आणि ती पावडर बाजूला ठेवायची. तिथल्या नर्सनं मागवलेला फोन तासाभरात आला, वेळांचा हिशेब पुन्हा झाला. आकडा थोडाच वर असल्यानं आणि दुसरा काही त्रास नसल्यानं इस्पितळात जावं लागलं नाही, पण पुढची गोळी कधी घ्यायची ते ठरवून मिळालं.

दरम्यान काँबिफ्लॅमचं नाव ऐकून आई मध्येच बोलली होती. “अगं, ती गोळी तुला चालते का? धाप लागायची ना तुला तिनं?”

त्या फोनवरचं सर्वांत मोलाचं वाक्य हेच होतं. काँबिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन असतं, आणि दमा असलेल्या काही लोकांना आयबुप्रोफेननं दम्याचा झटका येतो. तिला लहानपणापासून दमा आहे. आजही थंडी पडली की ती घरून नेलेला स्टेरॉइडचा पंप महिना-दोन महिने ओढते. तिच्या दृष्टीनं हा आजार नव्हता, ऋतूबरोबर येणारी सवय होती. इंग्लंडातल्या दवाखान्यात नाव नोंदवताना आजारांच्या रकान्यात तिनं ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. दमा आईच्या आठवणीत होता, दवाखान्याच्या कागदावर नव्हता.

आता ४८ तासांचा हिशेब येतो. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर नावाचं विषाणूविरोधी औषध आहे. आपल्याकडे २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत, पुण्याच्या रांगांमध्ये, ते टॅमिफ्लू या नावानं घरोघरी माहीत झालं. विषाणू शरीरातल्या पेशींमध्ये आपल्या प्रती तयार करतो, आणि त्या प्रतींना पेशीपासून सुटून बाहेर पडू न देणं हे या औषधाचं काम. पहिल्या दोन दिवसांत विषाणूची वाढ झपाट्यानं होते, म्हणून औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर उपयोग. नंतर अडवण्यासारखं फारसं उरत नाही. या औषधानं जादू होत नाही, हेही सांगायला हवं. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाचा त्रास त्यानं सरासरी जेमतेम पाऊण दिवसानं कमी होतो आणि काहींना त्यानं मळमळतं. म्हणून इंग्लंडात धडधाकट तरुणाला ते सहसा देत नाहीत. विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल एवढंच सांगतात. साथ चालू असताना डॉक्टर ते लिहून देतात ते जोखमीच्या लोकांना. पासष्टीच्या पुढचे, गर्भवती, मधुमेह किंवा हृदय-मूत्रपिंडाचे आजार असलेले, आणि वरचेवर स्टेरॉइडचा पंप लागणारे दम्याचे रोगी.

आईच्या त्या एका वाक्यानं ती पहिल्या गटातून दुसऱ्या गटात आली. ताप सुरू झाला रविवारी दुपारी बाराला, म्हणजे मंगळवारी दुपारी बारापर्यंत औषध पोटात जायला हवं. घड्याळात सोमवारची पहाट होती.

आता जायचं कुठे? इंग्लंडात औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट बऱ्याच किरकोळ आजारांवर सल्ला देतो. २०२४च्या जानेवारीपासून घसादुखी, कानदुखी अशा सात आजारांवर तो स्वतः औषधही देऊ शकतो, पण फ्लू त्या सातांत नाही. इस्पितळाचा तातडीचा विभाग रात्री उघडा असतो. तिथे जायचा खर्चही तिला लागला नसता, कारण तिच्या व्हिसावर सरकारी आरोग्यसेवा मिळते. पण जीव धोक्यात नसलेल्या माणसाला तिथे तासन्‌तास खुर्चीवर बसावं लागतं, आणि त्या गर्दीत ती आणखी दहा जणांना फ्लू देऊन आली असती. म्हणजे उरला जीपी, आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर. त्याची फोनलाइन सकाळी आठला उघडते आणि पहिल्या अर्ध्या तासात लागणं मुश्किल असतं. रात्रपाळीवाल्यांची पाळी सुटते तीही आठलाच. बसमध्ये झोप लागते, उठेपर्यंत दुपार होते आणि त्या दिवशीच्या वेळा संपलेल्या असतात. २०२५च्या ऑक्टोबरपासून मात्र जीपींना ऑनलाइन अर्जाची सोय सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा अशी दिवसभर उघडी ठेवावी लागते.

ती आठपर्यंत जागी राहिली आणि अर्ज भरला. काय लिहायचं ते भावाबहिणीनं फोनवर मिळून ठरवलं होतं. ‘रविवारी दुपारी बाराला अचानक थंडी-ताप. ताप १०२. कोरडा खोकला, अंगदुखी. लहानपणापासून दमा, दर हिवाळ्यात स्टेरॉइडचा पंप. वृद्धांच्या केअर होममध्ये काम. रात्री पॅरासिटामॉल मर्यादेबाहेर गेलं होतं, १११शी बोलणं झालं आहे. गरोदर नाही.’ एवढंच. ‘बरं वाटत नाही, ताप आहे’ असं लिहिलं असतं, तर पाणी पी आणि आराम कर असं उत्तर येण्याची शक्यता जास्त होती, आणि तिथल्या डॉक्टरांचा त्यात काही दोष नसता.

साडेदहाला डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तिला दीर्घ वाक्य बोलायला लावलं. वाक्य न तुटता पूर्ण होतंय का, हे त्यांना ऐकायचं होतं. मिनिटाला श्वास किती ते मोजायला सांगितलं, तर ते १८ भरले. मोठ्या माणसात १२ ते २० नेहमीचे असतात. छातीत शिट्टी वाजत होती, पण हलकी. औषधाची चिठ्ठी थेट जवळच्या दुकानाच्या संगणकावर गेली. ओसेल्टामिव्हिर ७५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, पोटात काही असताना. सोबत झटका आल्यास ओढायचा निळा पंप. पाळीवरून परतलेल्या मल्याळी मैत्रिणीनं औषध आणून दाराबाहेर ठेवलं. एका औषधामागे सुमारे दहा पौंड पडले. पहिली गोळी सोमवारी दुपारी एकला गेली, म्हणजे २५व्या तासाला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नीट समजावली, ती म्हणजे कशाची वाट पाहायची नाही. बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर पडले, रक्ताचा खोकला आला, किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तर ९९९. निळा पंप ओढूनही आराम पडला नाही, तरी ९९९. फ्लूची आणखी एक खोड कमी लोकांना माहीत असते. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, बरं वाटतं, आणि मग एक-दोन दिवसांत ताप पुन्हा चढतो. खोकला वाढतो, घट्ट बेडका पडतो. फ्लूनं खरवडलेल्या श्वासनलिकेत जिवाणू शिरून न्यूमोनिया झाल्याची ती खूण असू शकते. काकूंनी सुचवलेल्या अँटिबायोटिकची वेळ आली तर ती तेव्हा, आणि तीही तपासणीनंतर.

पुढचे तीन दिवस घरच्यांनी काम वाटून घेतलं. आई पहाटे पाचला, म्हणजे तिथल्या मध्यरात्री, आणि दुपारी फोन करायची. भाऊ फक्त चार गोष्टी लिहून घ्यायचा, ताप, मिनिटाचे श्वास, पाणी किती गेलं आणि लघवी झाली का. घरात कोविडच्या काळातलं ऑक्सिमीटर होतं, तसंच तिथे घ्यायचं तिच्या मनात होतं. ते घेतलं तरी आकड्यावर डोळे मिटून विसंबायचं नसतं. सावळ्या कातडीवर ते यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. श्वास मोजायला मात्र घड्याळ पुरतं.

बुधवारी संध्याकाळी काकांनी पुन्हा इस्पितळाचा विषय काढला, कारण खोकला ऐकवत नव्हता. भावानं ताईला मिनिटभर श्वास मोजायला लावले, १७. ताप १००च्या खाली, वाक्य सलग. जायचं नाही असं ठरलं. गुरुवारी गोळी न घेता ताप आला नाही. खोकला आणि थकवा मात्र पुढे दोन आठवडे पुरला, आणि फ्लूमध्ये तेवढा पुरतोच.

रजेचा हिशेबही झाला. आजारपणाचे पहिले सात दिवस तिथे डॉक्टरांचा दाखला लागत नाही, स्वतः लिहून दिलं की चालतं. कायद्यानं मिळणारा आजारपणाचा पगार त्या वर्षी आठवड्याला ११८ पौंड ७५ पेन्स होता, आणि पहिल्या तीन दिवसांचा काहीच नव्हता. तापात कामावर जाण्याचा मोह व्हायचा तो या तीन दिवसांपायीच. एप्रिल २०२६पासून ही तीन दिवसांची अट नव्या कायद्यानं काढून टाकली. रीतसर कळवून घेतलेल्या आजारपणाच्या रजेमुळे व्हिसा जाईल, ही भीतीही अनेक मुलींच्या मनात असते. तसं होत नाही. न कळवता गैरहजर राहिलं तर मात्र मालकाला ते सरकारला कळवावं लागतं.

जानेवारीत जीपीच्या दवाखान्यातल्या नर्सनं तिला दम्याच्या तपासणीसाठी बोलावलं. फुंकर मारून जोर मोजायच्या नळीत तीनदा फुंकायला लावलं, पंप कसा ओढते ते पाहिलं, आणि तो चुकीचा ओढला जात असल्यानं अर्धं औषध तोंडातच राहतंय हे दाखवून दिलं. तिच्या नावापुढे आता दम्याची नोंद आहे. त्यामुळे फ्लूची लस दर शरद ऋतूत फुकट घ्यायला तिला दवाखान्यातूनच निरोप येईल. भावानं तिच्या फोनमध्ये एक मजकूर साठवून ठेवला आहे. त्यात तिचे जुने आजार, चालणारी आणि न चालणारी औषधं, वजन, आणि जीपीच्या दवाखान्याचं नाव आहे. त्याच्या प्रती तिनं घरातल्या दोघी मल्याळी मुलींनाही करून दिल्या, आणि त्यातल्या एकीनं कोट्टायमला आईला फोन लावून आपल्या लहानपणीच्या आजारांची यादी विचारून घेतली.